पहिला म्युच्युअल फंड निवडताना

म्युच्युअल फंडात पहिल्यांदा पैसे घालू पाहणाऱ्या माणसाची गाडी बहुधा पैशांपाशी अडत नाही, यादीपाशी अडते. भारतात आज चाळीसहून अधिक फंड घराणी आहेत आणि प्रत्येकाच्या डझनावारी योजना आहेत. मोबाइलवरचे कुठलेही गुंतवणुकीचे ॲप उघडले की त्या सगळ्या एकाखाली एक दिसतात आणि प्रत्येकीपुढे एक, तीन आणि पाच वर्षांच्या परताव्याचे आकडे असतात. दोन-चार संध्याकाळी तुलना करण्यात जातात, मग ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे ठरते आणि पैसे बचत खात्यात तसेच पडून राहतात.

पर्याय वाढले की निर्णय लांबतो, हे मोजूनही पाहिले गेले आहे. शीना अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सुमारे आठ लाख नोकरदारांच्या निवृत्ती योजनांची माहिती तपासून २००४ मध्ये निष्कर्ष मांडला. मालकाने योजनेत दहा फंड वाढवले की त्यात भाग घेणाऱ्यांचे प्रमाण साधारण दीड ते दोन टक्क्यांनी घटत होते. त्या योजनांत अनेक ठिकाणी मालकही कामगाराच्या नावे भर घालतो. म्हणजे हातचे पैसे सोडून देण्याची वेळ आली, तरी लांबलचक यादीपुढे लोक थबकत होते.

यावर उपाय अधिक बारकाईने तुलना करण्याचा नाही. यादी बाजूला ठेवून आधी आपल्या पैशांबद्दलच्या प्रश्नांची उत्तरे द्यायची, हा आहे. योग्य क्रमाने विचारलेला एकेक प्रश्न चाळणीसारखे काम करतो आणि फंडांचे अख्खे वर्गच बाजूला पडतात. शेवटी जे पाच-दहा फंड उरतात त्यांच्यात फरक इतका थोडा असतो की त्यातला कुठलाही घेतला तरी फारसे बिघडत नाही.

यादी इतकी लांब का

म्युच्युअल फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने ऑक्टोबर २०१७ मध्ये योजनांची वर्गवारी ठरवून दिली. समभागांचे, रोख्यांचे, दोन्हींच्या मिश्रणाचे आणि इतर असे मिळून ३६ वर्ग झाले. पुढे त्यात काही भर पडली आणि बदलही झाले. मुख्य नियम असा, की एका फंड घराण्याने एका वर्गात एकच योजना चालवायची. त्यामुळे लार्ज कॅप फंड म्हटले की प्रत्येक घराण्याचा एकच, आणि त्याने किमान ८० टक्के पैसे बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्यांतच ठेवायचे, हे पक्के असते.

या नियमाला काही अपवाद ठेवले गेले. निर्देशांकावर चालणारे फंड, इतर फंडांत पैसे घालणारे फंड, आणि एखाद्या क्षेत्रावर किंवा संकल्पनेवर बेतलेले फंड एका घराण्याला कितीही काढता येतात. यादी लांबते ती बरीचशी या अपवादांमुळे. पहिल्यांदा खरेदी करणाऱ्याला यातून एक सोपी गोष्ट हाती लागते. बँकिंग, औषधे, माहिती तंत्रज्ञान, संरक्षण, उपभोग अशी नावे असलेले सगळे फंड पहिल्याच फेरीत सोडून द्यावेत. हे फंड वाईट असतात असे नाही. पण ते घ्यायचे तर त्या क्षेत्रात कधी शिरायचे आणि कधी बाहेर पडायचे, याचा अंदाज असावा लागतो. परताव्याच्या यादीत वरच्या जागा बहुधा अशाच फंडांच्या असतात, कारण दर वर्षी कुठले ना कुठले क्षेत्र तेजीत असतेच. २०२० मध्ये कोविडच्या काळात औषध कंपन्यांचे फंड यादीत वर होते. त्या वर्षी त्यांचा निर्देशांक साठ टक्क्यांच्या आसपास चढला आणि २०२२ मध्ये तोच खाली आला. एका वर्षाच्या परताव्यावरून निवड केली, तर हाती बहुतेक वेळा सरलेली तेजीच लागते.

याच फेरीत नव्याने बाजारात येणाऱ्या योजना, म्हणजे एनएफओ, बाजूला ठेवता येतात. त्यांचे युनिट दहा रुपयांना मिळते, म्हणून ते स्वस्त वाटते. पण दहा रुपयांचे युनिट आणि दोनशे रुपयांचे युनिट यांत स्वस्त-महाग असे काही नसते. दोन्ही फंडांतील समभाग दहा टक्के वाढले तर दोन्हींतले पैसे दहा टक्केच वाढतात. फरक एवढाच, की जुन्या फंडाचा कारभार तपासता येतो आणि नव्याचा येत नाही.

पैसा कधी लागणार

बाकी राहिलेल्या वर्गांपैकी निम्म्याहून अधिक एकाच प्रश्नाने बाद होतात. हे पैसे नक्की कधी लागणार आहेत? वर्षभरात लागणार असतील तर समभागांच्या फंडांकडे पाहायचेच नाही. त्यासाठी लिक्विड फंड किंवा बँकेची मुदत ठेव पुरेशी आहे. तीन-चार वर्षांत घराच्या आगाऊ रकमेसाठी किंवा मुलांच्या प्रवेशासाठी लागणार असतील, तरी त्यातला मोठा वाटा समभागांत ठेवणे धोक्याचे ठरते, कारण ऐन गरजेच्या महिन्यात बाजार पडलेला असू शकतो. सात-दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ हात लावायचा नसेल, तरच समभागांच्या फंडांना अर्थ आहे.

उदाहरणादाखल नाशिकमधल्या एका खाजगी कंपनीत काम करणारी सत्तावीस वर्षांची तरुणी डोळ्यांपुढे आणता येईल. हातात पडणारा पगार ४२,००० रुपये, घरखर्चाला २५,००० रुपये, बचत खात्यात साठलेले ६०,००० रुपये. डोक्यावर कर्ज नाही. पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जातो. दरमहा ७,००० रुपये बाजूला काढायची तिची तयारी आहे. तिचे उद्दिष्ट ठरीव नाही. पंधरा वर्षांनी चांगली रक्कम हाताशी असावी, एवढेच तिला हवे आहे.

तिच्या पैशांचे लगेच दोन भाग पडतात. नोकरी गेली किंवा घरात आजारपण आले तर चार महिन्यांचा खर्च, म्हणजे एक लाख रुपये, हाताशी हवेत. त्यातले ६०,००० आहेत, ४०,००० कमी पडतात. हा झाला केव्हाही लागू शकणारा पैसा. उरलेला पैसा पंधरा वर्षांचा. पहिल्या भागासाठी तिला रोख्यांच्या फंडांतला सर्वांत साधा प्रकार लागेल आणि दुसऱ्यासाठी समभागांचा एक फंड. दोन भाग, दोन फंड. तिसऱ्याची गरज अजून कुठेच दिसत नाही.

निवृत्तीसाठी रोख्यांचा वेगळा फंड घेण्याचीही तिला घाई नाही, कारण भविष्य निर्वाह निधी हाच तिचा ठरावीक व्याजाचा भाग आहे. पगारदार माणसे बऱ्याचदा हे विसरतात आणि त्याच कामासाठी आणखी एक फंड शोधत बसतात.

घसरण किती सोसवेल

पंधरा वर्षांची मुदत असली तरी वाटेतली घसरण माणसाला सोसवली पाहिजे. यासाठी ‘तुमची जोखीम घेण्याची तयारी किती’ असे मोघम विचारण्यापेक्षा घसरणीचा आकडा रुपयांत मांडून पाहावा. जानेवारी २०२० मध्ये निफ्टी ५० निर्देशांक १२,४०० च्या वर गेला होता. दोनच महिन्यांनी, मार्च संपता संपता, तो ७,६०० पर्यंत उतरला. ही घसरण जवळजवळ ३८ टक्क्यांची होती. तोपर्यंत तीन लाख रुपये साठलेल्या माणसाच्या पडद्यावर १,८६,००० दिसले असते. त्या वेळी निर्देशांक नोव्हेंबरातच पुन्हा जुन्या पातळीवर आला. पण दर वेळी असे होत नाही. २००८ या एका वर्षात निर्देशांक निम्म्याहून अधिक घसरला आणि त्या जानेवारीतल्या उच्चांकाच्या ठामपणे वर जायला २०१४ उजाडले.

हा आकडा पाहून ‘मी तेव्हा हप्ते चालू ठेवीन’ असे जो मनापासून म्हणू शकतो, त्याने समभागांच्या फंडाकडे जावे. ज्याला ते अशक्य वाटते, त्याच्यासाठी ॲग्रेसिव्ह हायब्रिड हा वर्ग आहे. त्यात ६५ ते ८० टक्के समभाग आणि बाकीचे रोखे असतात. घसरण तिथेही होते, पण थोडी कमी. घाबरून विकावा लागलेला फंड कितीही चांगला असला, तरी त्या माणसाच्या कामाचा नसतो.

स्मॉल कॅप आणि मिड कॅप फंडही याच प्रश्नाने बाजूला होतात. बाजारमूल्याने १०१ ते २५० या क्रमांकांत बसणाऱ्या कंपन्या मिड कॅप आणि त्याखालच्या स्मॉल कॅप धरल्या जातात. तेजीत त्या जोरात चढतात आणि मंदीत तितक्याच जोरात आपटतात. पुढे अनुभव आल्यावर त्यांचा विचार करता येतो, पण पहिल्या खरेदीसाठी त्या आवश्यक नाहीत.

कर वाचवणाऱ्या ईएलएसएस फंडांचा निकाल एका ओळीत लागतो. ८०क कलमाखाली दीड लाखापर्यंतची सवलत जुन्या कर प्रणालीतच मिळते आणि पैसे तीन वर्षे अडकतात. नव्या प्रणालीत असणाऱ्याला हा वर्ग घेण्याचे काही कारण उरत नाही.

व्यवस्थापक की निर्देशांक

आता समभागांचे मोजके वर्ग उरतात. लार्ज कॅप, कुठल्याही आकाराच्या कंपन्या घेणारे फ्लेक्सी कॅप, असे काही, आणि त्यांच्या शेजारी निर्देशांक फंड. पहिल्या प्रकारांत फंड व्यवस्थापक कंपन्या निवडतो. निर्देशांक फंडात निफ्टी ५० किंवा सेन्सेक्समध्ये ज्या कंपन्या ज्या प्रमाणात असतील, त्याच त्या प्रमाणात विकत घेतल्या जातात.

व्यवस्थापक असलेला फंड निवडायचा म्हणजे पुढच्या पंधरा वर्षांत कोण निर्देशांकाला मागे टाकेल, हे आज ओळखायचे. हे काम जाणकारांनाही अवघड जाते. एस अँड पी या संस्थेचे ‘स्पिवा’ अहवाल भारतातील फंडांची तुलना निर्देशांकांशी करतात. मुदत लांबत जाते तसे बहुसंख्य लार्ज कॅप फंड निर्देशांकामागे राहिलेले त्यांत दिसतात. कारण साधे आहे. मोठ्या कंपन्यांवर शेकडो विश्लेषकांचे लक्ष असते, त्यामुळे इतरांना न दिसलेले काही हाती लागणे कठीण, आणि व्यवस्थापनाचा खर्च मात्र दर वर्षी कापला जातो.

पहिल्या खरेदीसाठी निर्देशांक फंड सोयीचा पडतो, त्याला आणखी एक कारण आहे, आणि अडून बसलेल्या माणसाच्या दृष्टीने तेच मोठे. निवड चुकण्याची भीती यात बरीच कमी होते. व्यवस्थापक बदलला, त्याची शैली बदलली, त्याचे दिवस फिरले, अशा कुठल्याच गोष्टीवर लक्ष ठेवावे लागत नाही. सगळ्या घराण्यांच्या निफ्टी ५० फंडांत त्याच पन्नास कंपन्या त्याच प्रमाणात असतात.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. निर्देशांक फंड बाजाराहून अधिक कधीच देत नाही, उलट खर्चापुरता कमीच देतो. काही व्यवस्थापकांनी वर्षानुवर्षे निर्देशांकाला मागे टाकले आहे, हेही खरे. ज्याला त्या शोधात रस आहे त्याने तो पुढे घ्यावा. पण पहिला फंड घेण्यासाठी तो शोध पुरा व्हायची वाट पाहणे परवडत नाही.

सारख्यांतून एक

नाशिकच्या त्या तरुणीपुढे आता फक्त निफ्टी ५० चे निर्देशांक फंड उरले आहेत. इथे नावे वाचताना सावध राहावे लागते. शोधाच्या चौकटीत ‘निफ्टी ५०’ टाकले की शेजारीच ‘निफ्टी नेक्स्ट ५०’, ‘निफ्टी ५० इक्वल वेट’, ‘निफ्टी ५० व्हॅल्यू २०’ अशी नावेही येतात. हे सगळे वेगळे निर्देशांक आहेत. ‘ईटीएफ’ असे लिहिलेला फंड शेअरसारखा बाजारात विकत घ्यावा लागतो आणि त्यासाठी डीमॅट खाते लागते. दरमहा ठरावीक रकमेचा हप्ता भरणाऱ्याला साधा निर्देशांक फंड सोपा.

एकच माल विकणाऱ्या या फंडांत पाहायच्या गोष्टी दोनच. पहिली, खर्चाचे प्रमाण. फंड घराणे दर वर्षी एकूण रकमेतून किती टक्के स्वतःच्या खर्चासाठी घेते, ते यावरून कळते. दुसरी, निर्देशांकापासून पडलेले अंतर, ज्याला ‘ट्रॅकिंग डिफरन्स’ म्हणतात. दोन्ही आकडे फंड घराण्याच्या संकेतस्थळावर मिळतात.

समजा, एका वर्षात लाभांशासकट निर्देशांक १२ टक्के वाढला. पहिल्या फंडाचा खर्च ०.२० टक्के आहे आणि त्याने ११.७५ टक्के दिले. दुसऱ्याचा खर्चही ०.२० टक्केच, पण त्याने ११.३० टक्के दिले. पहिल्याचे अंतर पाव टक्का, म्हणजे खर्चाहून किंचित अधिक. ते स्वाभाविक आहे. दुसऱ्याचे अंतर ०.७० टक्के आहे आणि त्यातला अर्धा टक्का खर्चाने समजावता येत नाही. याचा अर्थ पैसे रोख पडून राहतात किंवा निर्देशांक बदलला की खरेदी-विक्री उशिरा होते. असा फंड सोडावा. हे अंतर एका वर्षाचे न पाहता तीन-पाच वर्षांचे पाहिले तर चित्र नीट कळते.

याशिवाय फंड फार लहान नसावा आणि किमान तीन-चार वर्षे चाललेला असावा. एवढ्या निकषांवर तीन-चार फंड सारखेच उतरले, तर त्यांतला कुठलाही घ्यावा. इथे आणखी शोध घेतल्याने निवड सुधारत नाही, फक्त उशीर होतो.

नाव शेवटपर्यंत वाचावे

फंड ठरला तरी त्याची चार रूपे समोर येतात, आणि नवख्यांच्या चुका बहुतेक इथेच होतात. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचे ‘डायरेक्ट’ आणि ‘रेग्युलर’ असे दोन प्लॅन असतात. कंपन्या त्याच असतात, पण रेग्युलरमधून वितरकाचे कमिशन दर वर्षी वजा होते. वितरक फॉर्म भरून घेतो, वारसाची नोंद करून देतो, बाजार पडला की धीर देतो. ज्याला ही मदत लागते त्याने तिचे पैसे मोजण्यात गैर काही नाही. जो स्वतः खरेदी करतो आहे त्याने मात्र डायरेक्टच घ्यावा. सल्ला न घेता रेग्युलर प्लॅन घेतला, तर न मिळालेल्या सेवेचे पैसे वर्षानुवर्षे जात राहतात.

दुसरी जोडी ‘ग्रोथ’ आणि ‘आयडीसीडब्ल्यू’. आयडीसीडब्ल्यूला पूर्वी डिव्हिडंड म्हणत. त्यात अधूनमधून रक्कम हातात येते, पण ती फंडातल्याच पैशांतून निघते, तेवढ्याने युनिटची किंमत उतरते आणि त्या रकमेवर उत्पन्नाच्या टप्प्यानुसार कर बसतो. पंधरा वर्षांसाठी साठवणाऱ्याला ग्रोथच योग्य. म्हणून पैसे भरण्याआधी नावाच्या शेवटी ‘डायरेक्ट’ आणि ‘ग्रोथ’ हे दोन्ही शब्द आहेत ना, ते पाहावे. हाच तपास पहिल्या खात्याच्या उताऱ्यावर पुन्हा करावा.

कुठल्या फरकाची किंमत किती

माणूस अडतो तो लहान फरक मोठा वाटल्यामुळे. तो फरक रुपयांत मांडला की हिशेब स्पष्ट होतो. नाशिकची तरुणी दरमहा ५,००० रुपये पंधरा वर्षे भरते असे धरू. परतावा वर्षाला १० टक्के, हा केवळ हिशेबापुरता आकडा आहे, त्याची हमी कोणी देत नाही. शेवटी साधारण २० लाख ९० हजार रुपये होतात. तिने निवडलेला फंड दर वर्षी ०.१० टक्क्याने महाग निघाला, तर पंधरा वर्षांनी सुमारे १९,००० रुपये कमी मिळतील. पहिल्या वर्षात तर हा फरक तीस-पस्तीस रुपयांचाच असतो.

खर्च एका टक्क्याने अधिक असेल तर मात्र रक्कम १९ लाखांच्या आसपास येते, म्हणजे सुमारे १ लाख ८३ हजारांनी घटते. डायरेक्ट की रेग्युलर, स्वस्त निर्देशांक फंड की महाग फंड, हा विचार करण्यासारखा फरक आहे. ०.१८ की ०.२४, हा नाही.

आता न निवडण्याची किंमत पाहू. तिने तुलना करण्यात एक वर्ष घालवले आणि मग चौदा वर्षे हप्ते भरले, तर त्याच मुदतीअखेर १८ लाख ३४ हजार हाती येतात. अडीच लाखांहून अधिक कमी. त्यातले ६०,००० तिने भरलेच नाहीत हे धरले, तरी जवळजवळ दोन लाखांचा फटका निव्वळ उशिराचा आहे. दोन चांगल्या फंडांतला थोडा महाग निवडण्याच्या चुकीपेक्षा हा दहापट मोठा.

शिवाय पहिली निवड कायमची नसते. महिन्याचा हप्ता बंद करता येतो आणि नवा हप्ता दुसऱ्या फंडात सुरू करता येतो, जुने पैसे तिथेच राहू देता येतात. विकायचेच झाले तर समभागांच्या फंडावर एका वर्षानंतर दीर्घकालीन नफ्याचा कर लागतो. जुलै २०२४ पासून हा दर १२.५ टक्के असून वर्षातला सव्वा लाखापर्यंतचा असा नफा करमुक्त आहे. दोन-तीन हप्त्यांनंतर निवड चुकल्याचे कळले, तरी नुकसान किरकोळच राहते.

दुसरा फंड, आणि तिसरा कशाला नको

आपत्कालीन रकमेसाठी तिने लिक्विड फंड घ्यावा. हे फंड ९१ दिवसांपर्यंतच्या मुदतीच्याच रोख्यांत पैसे ठेवतात, आणि विक्रीचे पैसे बहुधा कामकाजाच्या पुढच्या दिवशी खात्यात येतात. पहिल्या सात दिवसांच्या आत काढले तर किंचित कपात होते. निवडताना सर्वाधिक परतावा देणाऱ्याकडे न जाता मोठा, जुना आणि सरकारी हुंड्या व उत्तम पतमानाचे रोखे बाळगणारा फंड घ्यावा. रोख्यांच्या फंडात अधिकचा परतावा बहुधा कमकुवत कर्जदारांकडून येतो. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पलटनने रोख्यांच्या सहा योजना एकाएकी बंद केल्या. गुंतवणूकदारांना पैसे टप्प्याटप्प्याने परत मिळाले, पण गरजेच्या वेळी ते हाती नव्हते. आपत्कालीन पैशांसाठी अशी वाट पाहणेच परवडत नाही. लिक्विड फंडालाही बँक ठेवीसारखी हमी नसते, म्हणून तिचे बचत खात्यातले ६०,००० तिथेच राहू द्यावेत आणि फंडात फक्त कमी पडणारे ४०,००० जमवावेत. दरमहा २,००० रुपयांनी ते वीस महिन्यांत पुरे होतात.

तिसरा फंड घेण्याचा मोह ‘सगळे पैसे एकाच ठिकाणी नकोत’ या विचारातून होतो. विचार बरोबर आहे, पण एका निफ्टी ५० फंडातच पन्नास कंपन्या असतात. त्याच्या जोडीला दोन लार्ज कॅप फंड घेतले, तर तिन्हींच्या यादीत वर त्याच मोठ्या बँका, तेल आणि माहिती तंत्रज्ञानातल्या त्याच कंपन्या दिसतात. फंड घराण्यांच्या मासिक पत्रकांतल्या पहिल्या दहा कंपन्या शेजारी ठेवल्या की हे पाच मिनिटांत कळते. धोका तेवढाच राहतो, फक्त उतारे वाढतात.

खरेदी आणि त्यानंतर

प्रत्यक्ष खरेदीला पॅन, आधार, बँक खाते आणि केवायसी लागते. वारसाची नोंद तेव्हाच करावी. हप्त्याची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांची ठेवावी, म्हणजे खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत जात नाही. पहिला हप्ता ५०० रुपयांचा ठेवून सगळी साखळी नीट चालते ना ते पाहता येते. अनेक योजना तेवढ्या रकमेपासून हप्ते घेतात. निर्देशांक फंडाचे निर्देशांकापासूनचे अंतर वर्षातून एकदा तपासले की पुरते. सलग दोन वर्षे ते इतरांपेक्षा बरेच जास्त राहिले, तर पुढचे हप्ते दुसऱ्या घराण्याच्या त्याच निर्देशांकाच्या फंडात वळवावेत. बाजार पडला, किंवा शेजाऱ्याच्या फंडाने यंदा जास्त दिले, हे फंड बदलण्याचे कारण नाही.

पैसे कधी लागणार, घसरण किती सोसवेल आणि स्वतः व्यवस्थापक निवडायचा आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून काढावीत. उरलेल्या फंडांची तुलना एका बैठकीत संपवावी आणि त्याच आठवड्यात पहिला हप्ता भरावा.